एका डेगीतली खीर

दौलतरावांची अट एकच होती. भांडणानंतर नऊ वर्षांनी धाकट्या भावाच्या दारी जेवायचं, तर खीर एकाच भांड्यात शिजली पाहिजे. दोन भांडी म्हणजे दोन घरं. कुरुळी गावातल्या अख्ख्या भावकीला हे पटलं. धाकट्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, मात्र ते पटलं नाही, कारण खीर तिलाच शिजवायची होती.

चाळीस पानांची गव्हाची खीर ती डोळे मिटून करायची. आज ऐंशी पानं होती.

"आवं, गुऱ्हाळातली काहील आणा," ती सकाळी नवऱ्याला म्हणाली. "बूड रुंद हाय, जाळ पसरून लावता येतो. ही डेग उभी. भरून घातली तर तळ करपंल अन् वरचा गहू कच्चाच ऱ्हाईल."

"मागून आणलेलं भांडं दादा वळखतील," ज्योतीराम म्हणाला. "माल दुप्पट, लाकडं दुप्पट. वेळ तेवढाच."

"जाळ दुप्पट करून वर चढत न्हाई. मंद ठेवून जास्त येळ द्यावा लागतो."

"तू शहाणी." त्यानं डेग चुलवणावर चढवली.

गहू काठापर्यंत आले. दुप्पट जाळानं तळ खदखदू लागला आणि वर नुसती वाफ. उलथनं खालपर्यंत फिरवताना तिचे दंड भरून आले. गहू शिजायच्या आत गूळ घालू नये हे तिला ठाऊक होतं, पण पाहुणे वेशीत आल्याची वर्दी आली आणि नवऱ्यानं गूळ टाकला. गूळ पडला तसा तळ धरला. तिला तो वास पहिल्यांदा आला, अगदी हलका.

तिनं लाकडं ओढली. आता एकच उपाय उरला होता: तळाला हात न लावता वरची खीर हलक्या हातानं काढायची. वरच्या खिरीत वास उतरला नव्हता. गहू जरा दाताखाली आला असता, एवढंच. अजून सगळं वाचलं असतं.

पण मांडवात दौलतराव उभे राहिले. भावकीची रीत होती, वाढण्याआधीचं ढवळणं थोरल्याचं.

मंजुळाबाईनं पदर दातात धरला. थोरल्या दिरासमोर ती वीस वर्षांत शब्द बोलली नव्हती. तोंड उघडलं, तर ज्योतीरामनं डोळे वटारले. ती गप्प राहिली, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

दौलतरावांनी उलथनं तळापर्यंत घातलं आणि जोर लावून फिरवलं. खर्रकन आवाज झाला. काळ्या खपल्या वर आल्या आणि करपटाचा भपका मांडवभर पसरला. पुढच्या पंगतीतला एक म्हातारा नाकाला रुमाल लावून उठला.

दौलतरावांनी खपल्यांकडे पाहिलं, मग भावाकडे. "वरनं गोड अन् तळाला हे," ते म्हणाले. "नऊ वर्षांत काय बदललं न्हाई, ज्योत्या."

ते बैलगाडीकडे निघाले. मागोमाग पंगती उठल्या.

मांडव रिकामा झाल्यावर ज्योतीराम तिच्यावर ओरडला, "तुला ठावं व्हतं ना? मग बोलली का न्हाईस?"