पदराआडची लाट

आदरणीय पंडित सर,

सर, मी बोलले! वॉर्डात, सगळ्यांसमोर! मागच्या वर्षी फिजिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत तुमच्यापुढे जिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं, तीच मी. आज मेसमध्ये न जाता आधी हे पत्र लिहायला बसलेय. सोबत त्या ईसीजीची झेरॉक्स आहे, नाव खोडलेली. पण थांबा, आधी वाचा, मग बघा.

माझी मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. महिला वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर बायनाबाई आहेत, चकलांब्याच्या. वय साठच्या पुढं, ऊसतोडीच्या फडात चक्कर येऊन पडल्या म्हणून सुनेनं आणलं. सकाळी हरिओमभाऊ ईसीजी काढायला आले. हातापायांना चिमटे लावून झाले, पण छातीला वाट्या लावायच्या म्हटल्यावर बाईंनी उजव्या हातानं पदर तोंडावर ओढला तो तसाच धरून ठेवला. भाऊ बिचारे मशीनकडं तोंड करून उभे. "मावशे, हात खाली घे की," एकदा म्हणाले. पदराआडून उत्तर आलं, "लाज हाय का न्हाई रं तुला?" झालं! भाऊंनी निमूट बटण दाबलं.

कागद बाहेर आला आणि विजयसिंह सर, म्हणजे आमचे रेसिडेंट, धावतच आले. रुंद रुंद लाटा, एकेका मोठ्या चौकटीला एक. मिनिटाला तीनशे!

"व्हीटी आहे," सर म्हणाले. "सिस्टर, ॲमिओडॅरोन भरा. शॉकचं मशीनही जवळ घ्या."

व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून सुटलेली ती जीवघेणी धडधड, मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच बघत होते. पण बायनाबाई सुनेला सांगत होत्या, "शेरडाला पाणी पाजायला सांग गं." मी हळूच त्यांचा डावा हात धरला. नाडी एकसारखी, मिनिटाला शंभर. तीनशे कुठे, शंभर कुठे?

"सर, नाडी शंभरच लागतेय."

"व्हीटीतही नाडी लागते, मॅडम. बाजूला व्हा."

मॅडम म्हणजे टोमणा, कळलं मला. कान तापले. पण कागद माझ्या हातात होता आणि मी वरच्या तीन ओळी, म्हणजे तीन लीड, बघू लागले. पहिली लीड नाचतेय, दुसरी नाचतेय आणि तिसरी? तिसरी शहाण्या मुलीसारखी सरळ! स्वच्छ ठोके, दर तीन चौकटींनी एक.

सर, तुम्ही वर्गात आम्हा तिघींच्या हातात दोरी देऊन त्रिकोण केला होता, आठवतं? मी डावा पाय झाले होते आणि सगळे हसले होते. पहिली लीड दोन्ही हातांमधली, दुसरी उजवा हात आणि डावा पाय, तिसरी डावा हात आणि डावा पाय. तिसरीत उजवा हात येतच नाही!

सिस्टरची सिरिंज भरून झाली होती. हृदय ठीक असताना ते औषध गेलं असतं तर बीपी पडलं असतं. शॉक दिला असता तर... नकोच.

"सर, एक मिनिट!" माझा आवाज एवढा मोठा निघाला की दोन नंबरची आजी उठून बसली. "हृदयातच गडबड असती तर तिसरी लीडही बिघडली असती. हे उजव्या हाताचं आहे."

विजयसिंह सरांनी कागद हिसकावून घेतला. बघितला. दुसऱ्या लीडच्या लाटांमधूनही बारीक टोकदार ठोके डोकावत होते, अगदी तिसरीच्या तालात.

मी बायनाबाईंचा उजवा हात पदराखालून बाहेर काढला. तर्जनी काळीकुट्ट!

"मिश्री?" सिस्टर ओरडल्या.

"सकाळधरनं दातांना लावली न्हाई बाई, डोकं धरलंतं," बायनाबाई पुटपुटल्या. "तुमी वॉर्डात लावू देत न्हाईत. मग पदराआड घासली जराशी."

हरिओमभाऊंनी कपाळावर हात मारला. "अन् मी समजलो, लाजतीय!"

मी त्यांचा हात खाटेवर धरून ठेवला आणि दुसरा ईसीजी निघाला. शंभरची साधी, नेमाची गती, तिन्ही लीड शांत. तरी विजयसिंह सरांना राहवेना. "आजी, आता रिकामं बोट घासा बघू." बायनाबाईंनी घासलं आणि कागदावर तीच व्हीटी हजर! सगळा वॉर्ड हसला, सर, विजयसिंह सरसुद्धा. मग त्यांनी सिस्टरच्या हातातली सिरिंज घेऊन स्वतः टाकून दिली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तिसरी लीड मी बघायला हवी होती."

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहा. चक्कर बहुधा त्याचीच. आता रक्त चढवतायत, आणि कमी का झालं ते शोधतायत.

संध्याकाळी मी परत गेले तर बायनाबाईंनी जवळ बोलावलं, उशीखालची डबी माझ्या मुठीत कोंबली आणि कुजबुजल्या, "घे बाई, ठिव तुज्यापाशी. कागदावर मिश्री बी दिसती, तर अजून काय काय दिसंल!"

डबी इथं टेबलावर आहे, सर. आता झेरॉक्स उघडा. तिसरी ओळ आधी.

तुमची डावा पाय,
शिवकन्या