पाचव्या महिन्याचा उंचवटा

धुलाईघराच्या बाईंचं पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि ग्रंथोबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही. पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

'साहेब, सहामाही फरक अहवालात माझ्या विभागापुढे तुमच्या सहीने एक ओळ छापली आहे. विभागप्रमुखाचे खर्चावर नियंत्रण नाही. अठरा वर्षांत तुम्ही माझ्या तोंडावर असं कधी बोलला नाहीत. हे तुम्हीच लिहिलंत का, एवढंच कळवा.'

अठरा वर्षं बाई त्यांना भाऊ म्हणत आल्या होत्या. पत्रात 'साहेब' होतं. ग्रंथोबांना सगळ्यात जास्त लागलं ते तेच.

ग्रंथोबा म्हणजे त्या मोठ्या रुग्णालयाचे जुने लेखापाल. डबा खाताना एका हातात घास आणि दुसऱ्या हातात पुस्तक, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. दर तिमाहीला चाळीस विभागांचा अहवाल निघे: अंदाजपत्रकात किती धरले, प्रत्यक्षात किती गेले, फरक किती. शेवटचा रकाना 'कारण व उपाय'. तो भरून वित्तप्रमुखांकडे छपाईला पाठवायचं काम त्यांचं. माणूस भिडस्त, पण त्या रकान्यात कधी खोटं उतरलं नाही, असं सगळे म्हणत.

आणि त्याच रकान्यातल्या एका ओळीने बाईंना इथून उचलून तीन तासांवरच्या छोट्या दवाखान्यात, सामानाच्या कोठीत नेऊन बसवलं होतं. तात्पुरतं म्हणून.

पत्र आलं तेव्हा ग्रंथोबा धीर करून वित्तप्रमुखांकडे गेले होते. वित्तप्रमुख म्हणजे त्यांचे बापू. बावीस वर्षांचा एकत्र डबा. बापू हसले होते. "अरे, तूच नाही का फोनवर म्हणालास? आता आठवेना होय? वय झालं बाबा आपलं!"

ग्रंथोबा म्हणजे दाराला कुलूप लावल्यावर तीनदा मागे फिरून बघणारा माणूस. म्हणालोही असेन, असं त्यांना वाटलं. आपण काय लिहून पाठवलं होतं ते संगणकात शोधणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी शोधलं नाही. आपलंच पाप निघालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प बसले.

आता नऊमाही अहवाल टेबलावर आला होता. सोमवार होता, आणि शनिवारी रुग्णालयाची समिती बसणार होती. बाईंची बदली कायम करायची आणि त्यांचा हुद्दा एक पायरी उतरवायचा, असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. पुराव्याला जोडलं होतं सहामाहीतलं ते पान.

ग्रंथोबांनी धुलाईघराची ओळ वाचली. नऊ महिन्यांचे धरले छत्तीस लाख. झाले त्रेचाळीस लाख वीस हजार. फरक सात लाख वीस हजार, वीस टक्के जास्त. सहामाहीला हाच फरक साडेपाच लाख होता.

ते थबकले. बाईंना जाऊन तीन महिने झाले, आणि तरी फरक एक लाख सत्तर हजारांनी वाढला? नियंत्रण नसलेला माणूस गेला, मग वाढ का थांबली नाही?

त्यांनी एकूण बेरजेचं पान बाजूला सारून महिनावार पान काढलं. अहवाल वाचणारे बहुतेक जण इथेच चुकतात. बेरीज बघतात आणि माणसाला धरतात. महिनावार बघितलं तर दर महिन्याला साधारण छप्पन-सत्तावन्न हजार जास्त जात होते. पहिल्या महिन्यात तेवढेच, नवव्या महिन्यातही तेवढेच. बाई असतानाही आणि नसतानाही. सरळ चढण. मध्येच फक्त पाचव्या महिन्यात एक उंचवटा: दोन लाख सहासष्ट हजार.

म्हणजे एक रोग नव्हता. निदान दोन तरी होते.

चढणीचं कारण शोधायला ते उठून मागच्या अंगणापलीकडच्या धुलाईघरात गेले. वाफेने चष्मा धुरकटला. बाईंच्या जागी काम बघणारी आक्का चादरींच्या ढिगाआडून ओरडली, "कोण ते? ग्रंथोबा? या, या! बैल गेला आणि झोपा केला!"

"आक्का, वजनाची वही हवी होती."

"आमचंच वजन करा की! बाई गेल्यापासून निम्म्या झालोत सगळ्या." ती हात पुसत पुढे आली. "तीन महिन्यांत एकदा तरी पायरी चढलात का? त्या तुम्हाला भाऊ म्हणायच्या. शत्रू परवडला, पण असला भाऊ नको."

आक्काने वही त्यांच्या छातीवर आपटल्यासारखी दिली, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, बसायला स्टूलही दिलं.

वहीत प्रत्येक वॉर्डाच्या गाठोड्याचं वजन रोज लिहिलेलं होतं, बहुतेक बाईंच्याच ठसठशीत अक्षरात. अंदाजपत्रक बनलं होतं महिन्याला चाळीस हजार किलो धरून. येत होते पन्नास हजार. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन नवे वॉर्ड उघडले, खाटा वाढल्या, चादरी वाढल्या. धुलाईघराचा आकडा मात्र कुणी वाढवला नाही. पगार ठरलेले, ते वजनाबरोबर हलत नाहीत. पण साबण, पाणी, वाफ मिळून किलोमागे पाच रुपये जातातच. दहा हजार किलो जास्त, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. नऊ महिन्यांचे साडेचार लाख. हा फरक बाईंचा नव्हताच. ज्यांनी वॉर्ड उघडले आणि अंदाजपत्रक जुनंच ठेवलं, त्यांचा होता.

"आणि वर सहा-सात हजार जातात महिन्याला, ते कशात?" त्यांनी विचारलं.

आक्का जरा ओशाळली. "तो साबणाचा पंप. म्हातारा झालाय, माप सोडून ओततो. बाई म्हणत होत्या दुरुस्त करू, दुरुस्त करू. राहिलं."

नऊ महिन्यांचे साठ हजार. हे मात्र धुलाईघराचं. ग्रंथोबांनी तेही टिपून घेतलं. उरला उंचवटा.

जागेवर परतून त्यांनी पाचव्या महिन्याच्या नोंदी उघडल्या. एक बिल दोन लाख दहा हजारांचं. तपशील, 'पडदे, शिवणावळ व दांड्यांसह, प्रशासकीय मजला.' पडदे कापडाचे, म्हणून खर्च धुलाईघराच्या नावावर. मंजुरीची सही वित्तप्रमुखांची.

मग जे तीन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते ग्रंथोबांनी केलं. पाठवलेल्या मेलमधलं सहामाहीचं टिपण शोधलं. खरंच दोन मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं होतं: 'कपड्यांचे वजन वाढलेले दिसते. पाचव्या महिन्यातील मोठी नोंद तपासावी. त्याआधी विभागप्रमुखांवर निष्कर्ष काढू नये.'

तीन वाक्यं होती. छापताना तिन्ही गेली, एक नवीच आली आणि खाली सही मात्र ग्रंथोबांचीच राहिली.

बापूंच्या खोलीत ते दार न वाजवता शिरले, बावीस वर्षांत पहिल्यांदा. खिडकीवर जाड, गडद हिरवे पडदे होते. या पडद्यांची त्यांनी स्वतः तारीफ केली होती.

"काय रे, भूत बघितल्यासारखा?" बापू म्हणाले.

"हे... हे पडदे धुलाईघराच्या खात्यात आहेत."

बापूंनी पेन खाली ठेवलं. नाकारलं नाही, तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. "प्रशासनाच्या खात्यात जागा नव्हती. वर्षअखेरीस वळती करणार होतो. इकडचं तिकडे, त्यात काय एवढं?"

"आणि माझी वाक्यं?"

"अरे, समितीला एक ओळ लागते. तुझं ते पुराण कोण वाचणार? 'नोंद तपासा' म्हणे! तपासायला कुणी आलं असतं तर?"

"मग तुझ्या सहीने छापायचं होतंस."

बापू हसले, अगदी डब्यातली चटणी पुढे करताना हसत तसे. "माझ्या सहीवर लोक प्रश्न विचारतात. तुझ्या सहीवर कुणी विचारत नाही."

ग्रंथोबांच्या एवढ्या वर्षांच्या खरेपणाचा हा उपयोग झाला होता. जपून ठेवलेली सुरी घरच्याच माणसाने काढली, आणि तिसऱ्याच्याच पाठीत खुपसली. वर सांगितलं, तूच मारलीस, आठवत नाही का? आणि त्यांनी ते मानलं होतं!

"मला तू... मला वेड्यात काढलंस, बापू."

"शनिवार जाऊ दे. मग करू दुरुस्ती, शांतपणे. बाईंचं काय, कोठीत आराम आहे. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुझे. कशाला उगाच?"

"आजच करतो," एवढं म्हणून ग्रंथोबा बाहेर पडले आणि जिना उतरून आपल्या टेबलाशी आले.

मग त्यांनी रकाना भरला. सात लाख वीस हजारांची फोड: साडेचार लाख वाढलेल्या वजनाचे, दोन लाख दहा हजार चुकीच्या खात्यात पडलेले, साठ हजार साबणाच्या पंपाचे. उपाय: उरलेल्या तीन महिन्यांचं अंदाजपत्रक पन्नास हजार किलोवर बसवावं आणि वाढीव रक्कम मंजूर करून घ्यावी, पडद्यांचा खर्च प्रशासनाकडे याच महिन्यात वळता करावा, पंप लगेच दुरुस्त करावा, नाहीतर वर्षअखेरीपर्यंत आणखी वीस हजार वाहून जातील. शेवटी एक ओळ: 'सहामाही अहवालातील माझ्या सहीखालचा शेरा माझा नाही. मूळ टिपण सोबत आहे. छापलेला शेरा वाचल्यावर मी तक्रार केली नाही, ही चूक माझी.'

नेहमीच्या वाटेने गेलं असतं तर कागद पुन्हा बापूंच्या टेबलावरच थांबला असता, म्हणून ते स्वतः समितीच्या चिटणीसबाईंकडे गेले. चिटणीसबाईंनी उभ्याउभ्याच वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"वित्तप्रमुखांना माहीत आहे?"

"आहे."

"आता उद्यापासून डबा कुणाबरोबर खाणार?" त्या म्हणाल्या. टोमणा होता की कीव, ग्रंथोबांना कळलं नाही. पण पोच दिली त्यांनी, शिक्क्यासह.

बाईंना पत्र लिहायला मात्र सकाळ उजाडली तरी जमेना. 'क्षमस्व' खोटं वाटे. 'मला फसवलं गेलं' हे खरं होतं, पण ते लिहिताना हात थांबे. फसवलं एका दिवसात होतं, गप्प ते तीन महिने राहिले होते. तीन कागद फाडले. शेवटी आधी आकडे लिहिले, फोड लिहिली, शिक्का मारलेली पोच जोडली. खाली लिहिलं: 'ती ओळ मी लिहिली नाही. पण ती माझी नाही, असं सांगायला मी तुमच्याकडे आलो नाही, आणि हे मीच केलं. शनिवारी अकराला समिती आहे. विभागप्रमुखाला आपल्या फरकाचं उत्तर द्यायचा हक्क आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. हे कागद घेऊन या. पंपाबद्दल विचारतील, त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. बाकीच्याचं उत्तर द्यायला मी तिथे उभा असेन. मला नीट बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.'

आवाज न चढवता, न रडता एवढंच जमलं. बाई येतील की नाही, आल्या तर त्यांच्याकडे बघतील की नाही, याचा अंदाज त्यांना बांधता येईना. टपाल कचेरीत त्यांनी पाकीट जलद टपालाच्या खिडकीत सरकवलं. कारकुनाने विचारलं, "गुरुवारी पोचेल. चालेल ना?"

"उशीरच झालाय," ग्रंथोबा म्हणाले, "पण चालेल."

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.