बेचाळिसाव्या मिनिटाची राहत

श्रेयाला आपल्या गोषवाऱ्याचं भारी कौतुक होतं. करमाडच्या साळूबाईंची दीड तासाची मुलाखत तिनं दोनदा ऐकली, कुठल्या मिनिटाला कोणता विषय ते टिपलं आणि सारं सहा ओळींत बसवलं. मुख्य शब्दही नेमके निवडले: बहात्तरचा दुष्काळ, रस्त्याची कामं, सुकडीचं वाटप, स्त्री-मजूर.

श्रेया जिथं सूची करायची, त्या मौखिक इतिहासाच्या संग्रहाची एक रीत होती. नोंद सूचीत चढण्याआधी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. त्यासाठी साळूबाई सकाळच्या बसनं शहरात आल्या होत्या. श्रेयानं ऐटीत वाचलं आणि शाबासकीची वाट पाहत थांबली.

"यात माझी राहत कुठं हाय?" साळूबाईंनी विचारलं.

राहतचं नाव मुलाखतीत होतं, बेचाळिसाव्या मिनिटाला. खडी फोडताना शेजारी बसणारी बिडकीनची मैत्रीण. काम बंद पडल्यावर ती घरच्यांबरोबर निघून गेली, तिची हातोडी साळूबाईंपाशी राहिली. श्रेयानं हे सगळं 'इतर आठवणी'त कोंबलं होतं.

"दुष्काळ समद्यांनीच बघितला की. मी बोलले ती तिच्यापायी. कुनी ऐकंल, तिला सांगंल, म्हनून. तिचं नाव नसंल तर मी सही करीत नाय."

श्रेयाचा चेहरा पडला. पलीकडच्या टेबलावरून मुबारकभाईंनी चष्मा वर केला. संग्रहातले सगळ्यात जुने सूचीकार ते.

"व्यक्तिनामांचा रकाना कोरा का ठेवलास?"

"ती काही प्रसिद्ध व्यक्ती नाही ना, सर."

"म्हणूनच लिहायचं. प्रसिद्ध माणसं कुठंही सापडतात."

श्रेया टाइप करू लागली: राहत, बिडकीन. तोच खाली सूचीतली जुळणारी एक जुनी नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वीची मुलाखत, सांगणारी राहतबी, मूळ गाव बिडकीन, मुक्काम पडेगाव. तिच्या टिपणात मुबारकभाईंनी लिहिलं होतं: 'एकोणिसावं मिनिट. खडीवरची मैत्रीण साळू, करमाड. तिच्याकडे राहिलेली हातोडी.'

श्रेया ओरडलीच. मुबारकभाईंनी स्वतः लिहिलेलं स्वतःच तीनदा वाचलं.

"पत्ता द्या," साळूबाई उठल्याच.

"असा परस्पर देता येत नाही, बाई. आधी त्यांना विचारतो." मुबारकभाई फोन घेऊन व्हरांड्यात गेले. साळूबाईंनी पदर सारखा केला, पुन्हा केला. इतकी वर्षं धीर धरलेल्या बाईला ती पाच मिनिटं सोसेनात.

मुबारकभाई हसतच आत आले आणि फोन साळूबाईंपुढं धरला.

"साळू," पलीकडून खरखरीत आवाज आला, "मेरी हातोडी कां है गे?"

साळूबाईंना रडू आणि हसू एकदमच फुटलं. "हाय माझ्यापाशी! दांडा तेवढा नवा बशिवलाय. उद्याच घिऊन येते."

मग डोळे पुसून त्यांनी श्रेयापुढं हात केला. "लिहिलंस का तिचं नाव? आन आता दे तो सहीचा कागद."