जी आणि खाली बी

चैतालीला चार कॉर्डवर अख्खा जन्म काढता आला असता. सी, जी, ए मायनर, एफ. गळा गोड असला की लोक बाकीचं चालवून घेतात. तिच्या गाण्याला जो भारदस्तपणा होता तो दत्तप्रसादचा. ती गिटारवर कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र, धरून गायची आणि तो शेजारी बसून बेस गिटारवर एकेक सूर खाली उतरत जायचा. कॉलेजपासून हेच चाललं होतं. पुढे लग्न होणार हेही धरलेलंच होतं, निदान तिनं.

आता तो जर्मनीला चालला होता, कायमचा. ‘आपलं इथंच थांबवू’ हे त्यानं खडकी स्टेशनबाहेर चहा पिता पिता सांगून टाकलं. रविवारी तिच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. तेवढं वाजवून जा, अशी तिनं गळ घातली. तो म्हणाला, वाजवत नाही, शिकवतो. शहाणा माणूस, एका रविवारामागून दुसरा येतो हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या क्वार्टरवर आला. त्यानं कागदावर ‘जी/बी’ लिहिलं तशी ती म्हणाली, जी किंवा बी, जमेल ते ना? तो हसला नाही. रेषेआधी कॉर्ड, रेषेनंतर सगळ्यात खालचा सूर, इतकंच सांगितलं. मग तिच्याच गिटारवर दाखवलं. सीचा खालचा सूर पाचव्या तारेच्या तिसऱ्या घरात. नंतर जी, पण खाली बी. तीच तार, दुसरं घर. ए मायनरला ती तार मोकळी. मग ए मायनरच, पण खाली जी, सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरात. एफला त्याच तारेचं पहिलं घर. शेवटी सी, पण खाली ई, म्हणजे सहावी तार मोकळी. बेस गिटार त्यानं सोबत आणलीच नव्हती.

चैतालीला ते लगेच जमलं, म्हणजे रविवारी त्याची गरजच उरली नाही. पुढच्या फेरीला तिनं सहाव्या तारेवर बोट ठेवून मुद्दाम साधा जी वाजवला. खालचा सूर सीवरून बीवर न थांबता एकदम जीवर आदळला. तिनं पुन्हा तेच केलं.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “रविवारी तूच ये.”

दत्तप्रसाद तिच्या हाताकडे बघत होता.

“तू आधी बरोबर धरतेस,” तो म्हणाला, “आणि मग सहाव्या तारेवर बोट टाकतेस. चैताली, नको असं करूस.”

तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. मग तिनं गाणं सुरू केलं आणि सगळं बरोबर वाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो हात रिकामे ठेवून तिचं गाणं ऐकत होता. ज्या सुरांवर तो चालायचा त्या सुरांवर आता तिचीच बोटं चालत होती. त्याच्यावाचून गाणं कुठंतरी अडेल, याची ती शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघत राहिली. गाणं कुठंच अडलं नाही.