मुद्रकाची बांधणीकाराशी ओळख

बाबा पुस्तकं छापतात, काका बांधणी करतात. सख्खे भाऊ, पण बोलणं कधीचं बंद. मी प्रकाशनात निर्मिती बघते; दोघांचे निरोप पोचवून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी दोघांची आधी परवानगी घेतली आणि रीतसर मेल टाकला:

"हे मुद्रक, हे बांधणीकार. आपला शब्दकोश नीट उघडत नाही. कागदाचे तंतू कोणत्या दिशेला ठेवायचे, ते छपाईआधी दोघांनी बोलून ठरवावं."

काकांचं उत्तर आलं:

"ओळखीबद्दल आभार. पोरीला बीसीसीत टाकलंय, उगाच तिला आपल्या पुढच्या मेलांचा ताप नको. दादा, तंतूंचं बघू. गुडघा कसा आहे?"

पुढचा एकही मेल मला आला नाही. कोश मात्र आता सपाट उघडतो.