गीझरच्या पोटातला चुना

मद्रासच्या एग्मोर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं लॉज आहे. मालकीण माझ्या नवऱ्याची आत्या, कृष्णवेणीबाई. राबणारी मी. नवरा व्यंकोजी रेल्वेच्या लोको शेडमध्ये बॉयलर दुरुस्तीला. घरी असला की वर्तमानपत्राआड. आत्याबाई बोलायला लागल्या की व्यंकोजींचं वर्तमानपत्र दोन बोटं वर चढतं, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात टिपलं होतं.

मी साताऱ्याची. तंजावरकडच्या मराठी घरात पडले तेव्हा वाटलं, भाषा तरी आपलीच आहे. कसलं काय! इथली मराठी ऐकली की आपली पणजी तमिळ शिकून परत आली असं वाटतं. पण तो त्रास थोडा. खरा त्रास परसातल्या तांब्याच्या हंड्याचा. लॉजमधल्या सगळ्या पाहुण्यांचं अंघोळीचं पाणी त्या हंड्यात तापायचं आणि त्यासाठी पहाटे कोंबड्याच्या आधी उठून नारळाच्या करवंट्या पेटवायचं काम माझ्याकडे. धुरानं डोळे असे व्हायचे की भाजीवाली विचारायची, घरी कुणी गेलं का.

शेवटी मी हट्टाला पेटले आणि गीझर आणवला. न्हाणीघराच्या भिंतीवर तांब्याची मोठी टाकी बसली, खाली लाल दिवा. पहिलं वर्ष स्वर्ग होता. उठायचं मात्र मलाच, कारण बटण माझ्याशिवाय कुणी लावायचं नाही. आत्याबाई त्याला हात लावत नव्हत्या. त्या स्वतःसाठी चुलीवर वेगळं पातेलं ठेवायच्या आणि वेण्णीर, म्हणजे गरम पाणी, असं विस्तवावरचंच असतं, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या.

मग गीझर बिघडायला लागला. बिघडला म्हणजे बंद नाही पडला, तसं झालं असतं तर बरं. आतून खडखड, फटफट आवाज यायला लागले, उकळत्या आमटीवर झाकण नाचावं तसे. पाणी तापायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागे. पुढे तर लाल दिवा भर्रकन विझायचा, म्हणजे पाणी तापलं असं गीझरचं म्हणणं, आणि नळाला हात लावावा तर कोमट. बरं, तेही चार बादल्यांत संपायचं. विजेचं बिल तेवढं तब्येतीनं वाढत होतं.

गेल्या मार्गळीत, म्हणजे मार्गशीर्षात, कोल्हापूरकडची रामेश्वरला निघालेली जत्रा आमच्याकडे उतरली होती. दरवर्षी उतरते. सकाळी मद्रासला पोचायचं, आमच्याकडे अंघोळ-जेवण करायचं आणि संध्याकाळी एग्मोरहून रामेश्वरची गाडी, बोट मेल, धरायची. त्यांचे प्रमुख बाळकृष्णपंत. सौम्य माणूस, पण जाताना म्हणाले, वहिनी, पुढच्या वर्षी म्हाताऱ्या माणसांना गार पाणी घ्यावं लागलं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. ते आत्याबाईंनी ऐकलं. तेव्हापासून माझ्यामागे एकच धोशा. यंदाही जत्रेला पाणी कोमट मिळालं तर गीझर मोडीत जाईल आणि हंडा परत चुलीवर चढेल. फुंकणी कुणाच्या हातात येणार हे सांगायची गरज नव्हती.

यंदाची जत्रा शनिवारी यायची होती. मी सोमवारी विजेच्या दुकानातला माणूस आणला. त्यानं ठोकून पाहिलं, वास घेतला आणि आतलं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, मोठं बसवा म्हणाला. मी व्यंकोजींना सांगितलं तर वर्तमानपत्रामागून आवाज आला, की मोठं बसवलं तर तेही जळेल.

मी वर्तमानपत्र खाली ओढलं. "का जळेल?"

माझ्या नवऱ्यानं दाराकडे पाहिलं, आत्याबाई नाहीत याची खात्री केली आणि हलक्या आवाजात जे सांगितलं ते ऐकून मला त्यांच्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप आणि अभिमान एकदमच वाटला. आमच्या विहिरीचं पाणी जड, क्षाराचं. तापलं की त्यातला चुना सुटतो. काही एलिमेंटवर पुटासारखा चढतो, काही गाळ होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पुटामुळे एलिमेंटची उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट स्वतःच भाजत बसतं. गाळाखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तीच ती फटफट. दिव्याला विझ म्हणून सांगणारी थर्मोस्टॅटची नळी एलिमेंटशेजारीच असते. दोहोंवर मिळून पुट चढलं की तिला एलिमेंटचीच धग लागते आणि बाकीची टाकी थंड असताना ती वीज तोडते. आणि गाळानं जागा खाल्ली की पाणी मावतंच कमी.

"शेडमध्ये इंजिनाचें पोट आम्ही ठरलेल्या वेळीं धुतोंच," ते म्हणाले. "नाहीं धुतलें तर नळ्या जळतात."

हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं, आणि मला उत्तर मिळालं.

कारण आत्याबाईंचा नियम होता. अंघोळीच्या पाण्याचं भांडं आतून घासायचं नाही. बाहेरून चिंचेनं आरशासारखं लख्ख करायचं, पण आतला पांढरा थर तसाच ठेवायचा. तो थर ऊब धरतो, असं त्यांच्या सासूनं सांगितलेलं आणि तंजावरात त्यांच्या सगळ्या घरांत पाळलेलं. गीझर बसवणारा माणूस जाताना बजावून गेला होता की अधूनमधून खालचा प्लग काढून टाकी धुवा. आत्याबाईंनी त्याला कॉफी दिली आणि तो वळताच मला सांगितलं, त्या प्लगाला हात लावशील तर बघ. मीही लावला नव्हता. मला वाटलं होतं, जुनी माणसं काही उगीच म्हणत नाहीत.

गुरुवारी आत्याबाई वेस्ट मांबलमला अलमेलू नावाच्या मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जायच्या होत्या. व्यंकोजींनी रजा काढली. माझ्या नवऱ्यानं केलेलं हे पहिलं बंड, आणि तेही आत्या घरात नसताना.

त्या गेल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. व्यंकोजींनी मेन बंद केला, थंड पाण्याची चावी फिरवली आणि टाकी निवेपर्यंत मला हात लावू दिला नाही. मग गरम पाण्याचा नळ उघडला, वरून हवा शिरावी म्हणून, आणि खालचा प्लग काढला. मी बादली धरून उभी. आधी तांबूस पाणी आलं, मग दूध नासावं तसं, मग काहीच नाही. भोकात चुना अडकला होता. त्यांनी काडीनं टोचलं आणि ओली वाळू आणि टरफलं भसाभस माझ्या बादलीत पडली. थंड पाण्याची चावी जराशी सोडून धुतलं तरी पडतच होती.

मग त्यांनी तळाची तबकडी सोडवली आणि एलिमेंट बाहेर काढलं. मी असलं काही पाहिलं नव्हतं. माझ्या बोटाएवढी नळी मनगटाएवढी झाली होती, पांढरी, खरबरीत. जॉर्ज टाउनच्या बाजारातून आणलेलं लिंबाचं सत आम्ही पाण्यात विरघळवलं आणि तारा जोडायचं टोक वर ठेवून बाकीचं एलिमेंट त्यात सोडलं. फसफसून बुडबुडे आले. जोरकस आम्ल त्यांनी आणलं नव्हतं, टाकीची कल्हई जाईल म्हणाले. टाकीत खालून हात घालून ते लाकडी उलथन्यानं खरवडत होते आणि चुन्याचं पीठ त्यांच्या केसांवर पडत होतं. इतके प्रसन्न मी त्यांना घरात कधी पाहिले नव्हते. गुणगुणत होते.

आणि दारात आत्याबाई उभ्या होत्या. अलमेलूकडे सुतक आलं होतं.

गुणगुणणं थांबलं. आत्याबाईंनी टाकीकडे पाहिलं, पुतण्याकडे पाहिलं, मग बादलीतली चुन्याची एक खपली उचलली.

"हेंच ऊब धरतें," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऊबच काढून टाकली रे."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण त्याआधी व्यंकोजी बोलले. वर्तमानपत्र हाताशी नव्हतं, त्याचाच परिणाम असावा.

"अत्या, हंडा गरम राहायचा तो खालच्या निखाऱ्यानें. थरानें नाहीं. तरी तिथें विस्तव बाहेर होता, चार करवंट्या जास्त जळल्या, कुणाला कळलें नाहीं. ह्याचा विस्तव पोटांत आहे. थर बसतो तो विस्तवाच्याच अंगावर. ऊब धरतो, खरें आहे, पण पाण्यापर्यंत येऊंच देत नाहीं."

आत्याबाई खपली हातात फिरवत राहिल्या. सासूबाईंचा शब्द आणि समोरची बादली, दोन्ही तोलत असाव्यात. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्यांनी पदर खोचला.

"मग अर्धें कां ठेवलेंस? कोपऱ्यांत आहे बघ अजून."

पुढचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं, म्हणजे दुप्पट वेळ लागला. एलिमेंट तांबूस चकचकीत निघालं. नवा रबरी वायसर घालून तबकडी बसली, प्लग लागला, थंड पाणी सोडलं. आत्याबाईंना धीर कुठला. गीझर आला तेव्हापासून न शिवलेल्या बटणाकडे त्यांचा हात गेला.

"थांब!" व्यंकोजी ओरडले. आत्यावर ओरडले! मग आवाज खाली आणून म्हणाले, की गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत टाकी भरली असं समजायचं नाही. कोरड्यात बटण दाबलं तर एलिमेंट तिथंच जळेल. आत्याबाईंनी हात मागे घेतला आणि नळाची धार सलग होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. मग बटण त्यांनीच दाबलं.

फटफट नाही, खडखड नाही. दिवा विझला तेव्हा नळाचं पाणी असं होतं की मी बोट चटकन मागे घेतलं.

शुक्रवार बायकांच्या अभ्यंगाचा. आत्याबाई तेल लावून, शिकेकाई घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चुलीवरचं पातेलं त्या दिवशी चढलंच नाही.

शनिवारी मला जाग आली ती उन्हानं. ऊन! खाली अंगणात जत्रेचा गलका चालू होता. बटण लावलेलं नाही, पाणी तापलेलं नाही, सगळं संपलं. केस तसेच बांधत मी जिना उतरले.

न्हाणीघराच्या दाराशी आत्याबाई स्टूल टाकून बसल्या होत्या. म्हाताऱ्या आधी, मग म्हातारे, असा नंबर लावत होत्या. अंघोळ झालेले बाळकृष्णपंत पंचा खांद्यावर टाकून समोर उभे, आणि त्यांना समजावणं चाललं होतं. आमच्या पाण्याला तमिळ वर्षाचा पहिला दिवस, आषाढाच्या सुमाराची आडी आणि दीपावळी या तीन सणांना खालचा प्लग काढून गाळ सोडायचा. वर्षातून एकदा सगळं उघडून खरवडायचं. मधेच आवाज यायला लागला तर सणाची वाट बघायची नाही. विस्तव पोटात असतो, त्याच्या अंगावर थर बसू द्यायचा नाही. पंत मान डोलवत म्हणाले की पाणी फार छान होतं आणि पुढच्या वर्षाचं आजच ठरवून टाकू.

मी मधे बोलणार होते की हे ज्ञान कालपरवाचं आहे. तेवढ्यात आत्याबाईंची नजर माझ्याकडे गेली. त्या पहाटे स्वतः उठल्या होत्या, बटण लावलं होतं, आणि मला उठवलं नव्हतं.

"झोंप झाली कां गे, सुनंदे?"

या घरात आल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी परसात धूर नव्हता.