चार वाजेपर्यंतचे दाणे

"अंजे, हातापायात बळ असंल तेवढाच नेम धर. आन् धरलास की मोडू नगं."

लग्न होऊन मेढ्याहून आष्ट्याला निघाले, तेव्हा ओटी भरता भरता आईने हे सांगितलं होतं. त्याला तीस वर्षं झाली. त्यातलं दुसरं वाक्य मी काटेकोर पाळलं. पहिलं कधी हातून निसटलं, ते कळलंही नाही.

माझ्या सासूबाईंचं नाव दगडाबाई, पण आम्ही त्यांना आत्या म्हणतो. स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. आमचा शिवतेज सैन्यात गेला आणि त्या काळजीनं आत्यांना पुरतं धरलं. छाती धडधडायची, हात थरथरायचे, झोप उडाली. गॅस बंद हाय का, ट्रॅक्टर आला का, पोराचा फोन आला का. एकच गोष्ट तासाभरात दहा वेळा विचारायच्या. मी दहाही वेळा सांगायचे. पाच मिनिटं बरं वाटायचं, मग अकरावी वेळ.

एकदा त्या फारच घाबरल्या, तेव्हा मी म्हणाले, "आत्या, शिवतेजसाठी मी मारुतीचा शनिवार धरते. त्याला काय होणार न्हाई." आत्या लगेच शांत झाल्या. दोन दिवस घर निवांत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना ट्रॅक्टरची भीती वाटू लागली. मी सोमवार धरला. सातारच्या नणंदबाईंच्या ऑपरेशनला मंगळवार, उसाच्या तोडीला गुरुवार, बाकीच्या किरकोळ काळजीला संकष्टी आणि एकादशी. वर्षभरात माझ्या आठवड्याला जेवायचे दिवस तीन उरले. बाकीचे दिवस चहा आणि मूठभर शाबू. रात्री आत्या उठवायच्या, म्हणून झोपही तुकड्यातुकड्यांची. भजनाला जाणं सोडलं. देवापुढं बसले की जप होण्याआधी डोळा लागायचा, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटायची.

आत्यांना सांगलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. तो गुरुवार होता. रांगेत उभी असताना मला अंधारी आली आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. तिथल्या समुपदेशक क्षमाताई धावत आल्या.

"ताई, शेवटचं पोटभर कधी जेवलात?"

मी बोटं मोजायला लागले. त्यांनी मोजू दिलं नाही. उपासांचं सगळं विचारून घेतलं आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आठ निघालं.

"पेशंट नक्की कोण हाय?" हे म्हणाले. हे म्हणजे आमचे हंबीरराव. एरवी घरात चार शब्द बोलतील तर शपथ.

क्षमाताईंनी हसून खुर्ची पुढे ओढली. "आजींच्या गोळ्यांना गुण यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील. तोवर एक करा. त्या विचारतील, त्याचं उत्तर एकदाच द्यायचं. पुन्हा पुन्हा दिलं की भीतीला तेच खाऊ होतं. काळजीसाठी रोजची एक वेळ ठरवा, अर्धा तास. बाकीच्या वेळी म्हणायचं, त्या वेळेला बोलू. आणि तुमचे उपास, ताई, तेही त्याच भीतीला दिलेली उत्तरंच झालीत."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "देवाचं सोडा असं मी म्हणत नाही. पण व्रत संपवायचीही तुमच्यात रीत असेल ना?"

"उद्यापन," मी म्हणाले. आणि तीस वर्षांनी आईचं पहिलं वाक्य कानात आलं.

काळजीची वेळ दुपारी चारची ठरली. मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहा तासाभराने. सलग झोप हवी म्हणून रात्री आत्यांजवळ एक दिवसाआड ह्यांनी झोपायचं ठरलं. आणि रोज एक तास माझा, घराबाहेर. क्षमाताईंनी तो कागदावर लिहून माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "पाळीन."

घरी आल्यावर खरी परीक्षा. उद्यापनाचं नाव काढताच आत्यांचा चेहरा उतरला.

"आन् शनवार सोडलास आन् पोराला काय झालं मंजे?"

खोटं कशाला सांगू, ती भीती माझ्याही पोटात होती. मी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी पुन्हा अंधारी आली आणि हातातलं दुधाचं पातेलं पडलं. आत्या काठी टाकून धावत आल्या. मला धरून बसल्या, पदरानं वारा घालत. मग म्हणाल्या, "पोरगं सुट्टीवर आलं आन् तूच न्हाईस, तर मी त्याला काय सांगू गं?"

त्यांनीच क्रांतीवन्संना साताऱ्याहून बोलावून घेतलं.

शनिवारी उद्यापन झालं. सोमवार तेवढा ठेवला, तोही संध्याकाळी जेवून सोडायचा. पाच सवाष्णी जेवल्या, मारुतीला वस्त्र दिलं, चुकलं-माकलं पदरात घे म्हणून मी डोकं टेकलं. आत्या शिरा ढवळणाऱ्या वन्संना विचारत होत्या, "खाली लागला का गं?"

"न्हाई लागला."

"बघ की, लागला आसंल."

"आई, एकदा सांगितलंय. आता चार वाजता विचार," वन्सं म्हणाल्या. "तवर शिरा पोटात गेल्याला असंल."

सगळ्या बायका हसल्या. आत्याही हसल्या, जरा रुसूनच. जाताना वन्संनी सांगून टाकलं की दर महिन्याला आठ दिवस आईला मी नेणार. "वैनी, तू हिकडं एकटीच पुण्य साठवत बसलीस. मला बी थोडं ठेव."

चार वाजेपर्यंत काळजी लक्षात कशी ठेवायची, याची युक्ती आत्यांनी स्वतःच काढली. एक वाटी घेतली. मनात काही आलं की जोंधळ्याचा एक दाणा वाटीत. पहिल्या दिवशी वाटी अर्धी भरली. चारला आम्ही दोघी सोप्यात बसलो, एकेक दाणा काढत गेलो. ट्रॅक्टर, फोन, पाण्याची मोटर. पाचव्या-सहाव्या दाण्याला आत्या थांबल्या.

"आगं, ह्यो कशाचा हुता?"

आठवेना. पुढचाही आठवेना. उरलेले त्यांनी अंगणात चिमण्यांना टाकले.

रोज असं गोड होत नाही. एखाद्या दिवशी छाती धडधडतेच. तेव्हा पाय जमिनीला टेकून बसायचं, श्वास सावकाश बाहेर सोडायचा. तेही त्या आता माझ्याशिवाय करतात, कधी जमतं, कधी नाही. माझ्या गार पडलेल्या हातांना मात्र थोडी ऊब आली आहे. रात्री झोपले की सकाळ होते.

आज मात्र शिवतेजचा नेहमीचा दुपारचा फोन आला नाही. चारच्या वाटीत त्याच्याच नावाचे सात दाणे निघाले. पाचला भजन. मी पायरीपाशी घुटमळले.

"जाऊ का नगं, आत्या?"

"तू मला एकदाच सांगतीस न्हवं? मग मी बी एकदाच सांगते. जा." त्यांचा हात वाटीवर घट्ट होता.

हे सोप्यात येऊन बसले. "मला काय इचारलं तर?"

"एकदा सांगा. दुसऱ्यांदा वाटी दाखवा."

"आन् मलाच काळजी वाटली तर?"

आत्यांनी जोंधळ्यानं भरलेलं सूप त्यांच्याकडे सरकवलं.

मी फोन कोनाड्यात, देवापाशी ठेवला. टाळांची जोडी पदराखाली घेतली, चपला पायात सरकवल्या. मागं वाटीत एक दाणा पडल्याचा आवाज झाला. मी वळले नाही. देवळाच्या वाटेला लागले.